‘बोलणं नाही’ आणि ‘बोलणं होत नाही’

दिवाळीत घरी गेलो की आई एकदा तरी विचारते, "तुझा तो हॉस्टेलचा पार्टनर काय करतो रे आता?" पहिली दोन-तीन वर्षं मी काहीतरी उत्तर द्यायचो. मागच्या दिवाळीत म्हणालो, "माहीत नाही." तिने चकल्या तळता तळता झारा थांबवला. "का? बोलणं नाही का तुमचं?"

"तसं नाही गं. बोलणं होत नाही."

तिला ते लगेच कळलं आणि तिने विषय सोडला. मी मात्र परतीच्या एसटीत त्याच दोन वाक्यांवर अडकून पडलो. मराठीत ‘आमचं बोलणं नाही’ म्हणजे भांडण. भावाभावांत जमिनीवरून होतं, जावाजावांत लग्नातल्या मानपानावरून होतं. त्याला कारण असतं, तारीख असते, मध्यस्थी करणारा एखादा मामा असतो. लहानपणी तर त्याची रीतसर पद्धतच होती: कट्टी घ्यायची, मग बट्टी करायची. ‘बोलणं होत नाही’ हे वेगळं प्रकरण आहे. ते पाऊस होत नाही तसं होत नाही. त्यात कुणी काही केलेलं नसतं, म्हणून कुणी काही मिटवायलाही जात नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या मैत्रीवर लिहायचा प्रयत्न मी दोन वर्षांत तीनदा केला आणि तिन्ही वेळा फसलो. ते का फसलं हे मला दुसऱ्याच कुणाचं पुस्तक वाचताना कळलं, म्हणून हा लेख त्या पुस्तकावर आहे. पण आधी माझे खर्डे.

पहिल्या खर्ड्यात मी कारण शोधलं. कामाची सवय म्हणा. प्रॉडक्शनमध्ये काही बंद पडलं की आम्ही नंतर बसून लिहून काढतो, मूळ कारण काय होतं. इथेही तसंच करायला गेलो. २०१८ साली आम्ही पास झालो. मला कॅम्पसमधून नोकरी लागली, मी हिंजवडीला आलो. पार्टनरने ऑफर सोडली आणि एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायला आला. एकाच शहरात. मी त्याला बाणेरच्या कॅफेत बोलवायचो, बिल मी द्यायचो, आणि तो पुढच्या वेळी "अभ्यास आहे रे" म्हणायचा. खर्डा इथपर्यंत छान चालला होता. पगार आणि स्पर्धा परीक्षा, दोन वाटा, समाजशास्त्र. चार दिवसांनी वाचला तर त्यात पार्टनर कुठेच नव्हता. ‘ग्रामीण भागातला परीक्षार्थी’ होता. आणि ते कारणही पटेना, कारण त्याच परिस्थितीत आमच्याच बॅचच्या दोघांची मैत्री आजही टिकून आहे.

दुसऱ्या खर्ड्यात मी कारण सोडलं आणि आठवणी लिहिल्या. सबमिशनच्या रात्री, मेसची पातळ आमटी, कॉलेजच्या गेटबाहेरचा कटिंग. वाचणाऱ्याला आवडला असता. पण त्यातला पार्टनर इतका गोड झाला होता, की मी त्याला फोन का करत नाही हे कुणालाच कळलं नसतं. तिसऱ्या खर्ड्यात तर मी चक्क एक भांडण घातलं. पैशांवरून. न झालेलं भांडण लिहिताना वाक्यं भराभर सुटत गेली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

याच सुमारास विल्यम मॅक्सवेलची ‘सो लाँग, सी यू टुमॉरो’ वाचली. मॅक्सवेल हा अमेरिकन लेखक, जन्म १९०८ चा, इलिनॉय राज्यातल्या लिंकन नावाच्या गावचा. आयुष्यातली जवळपास चाळीस वर्षं त्याने ‘न्यू यॉर्कर’मध्ये इतरांच्या कथा संपादित करण्यात घालवली. ही कादंबरी १९८० साली पुस्तकरूपाने आली तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. पुस्तक छोटं आहे, दोन संध्याकाळींत होईल इतकं.

गोष्ट सांगणारा म्हातारा आहे आणि तो पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचं सांगतो आहे. लहानपणी त्याची आई इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. मॅक्सवेलची आईही तशीच गेली होती, तेव्हा इथे लेखक आणि निवेदक फार लांब नाहीत. वडील दुसरं लग्न करतात आणि नवं घर बांधायला घेतात. अर्धवट बांधलेल्या त्या घरात, सुतार निघून गेल्यावर, मुलगा एकटा खेळायला जातो. तिथे एक दिवस क्लीटस नावाचा मुलगा येतो. मग दोघं रोज येतात. लाकडी सांगाड्यावर चढतात, तुळईवरून तोल सांभाळत चालतात, अंधार पडला की आपापल्या घरी जातात. निघताना एक म्हणतो ‘येतो’, दुसरा म्हणतो ‘उद्या भेटू’. पुस्तकाचं नाव तिथून आलं आहे.

या मैत्रीत यापेक्षा जास्त काही नाही. एकाची आई गेलेली आहे आणि दुसऱ्याच्या आईवडिलांचं घर मोडतं आहे, पण दोघंही एकमेकांना त्याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. मला हे फार खरं वाटलं. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत चार वर्षांत हजार विषय झाले असतील. पार्टनरच्या घरी कर्ज आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही फी भरायच्या रांगेत.

मग एक दिवस क्लीटस येत नाही. त्याचे वडील क्लॅरेन्स कसायला घेतलेल्या जमिनीवर शेती करायचे. शेजारच्या शेतावर लॉइड राहायचा, त्यांचा जिवलग मित्र. क्लॅरेन्सच्या बायकोचं आणि लॉइडचं प्रेम जुळतं, संसार मोडतो, आणि एका पहाटे क्लॅरेन्स लॉइडला गोठ्यात गोळी घालतो. पुढे क्लॅरेन्सचाही मृतदेह सापडतो. क्लीटस गावातून नाहीसा होतो. निवेदकाचं कुटुंबही नंतर शिकागोला जातं. तिथल्या मोठ्या हायस्कूलमध्ये, दोन तासांच्या मधल्या वेळात, गजबजलेल्या कॉरिडॉरमध्ये समोरून क्लीटस येतो. दोघं एकमेकांना ओळखतात. निवेदक बोलत नाही. क्लीटसही बोलत नाही. दोघं चालत पुढे जातात. पुन्हा त्यांची गाठ पडत नाही.

बस, एवढंच. आणि या एवढ्याशा गोष्टीसाठी एक माणूस अर्ध्या शतकानंतर पुस्तक लिहितो. आपण लिहितो आहोत ती भरपाई आहे, आणि ती आडवळणाची आणि निष्फळ आहे, असं तो स्वतःच सुरुवातीला कबूल करून टाकतो.

पुस्तकाच्या रचनेकडे बघितलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. यात दोन मैत्र्या आहेत. क्लॅरेन्स आणि लॉइडची मैत्री मोडते ती दणक्यात. तिला विश्वासघात आहे, बायको आहे, बंदूक आहे, आणि तिला पुस्तकाचा मोठा भाग मिळतो. दोन मुलांची मैत्री संपते ती आवाज न होता, आणि तिला कॉरिडॉरमधली काही वाक्यं मिळतात. प्रथम वाटलं, मॅक्सवेलनेही माझ्या तिसऱ्या खर्ड्यासारखंच केलं. स्वतःच्या गोष्टीत काही घडत नव्हतं म्हणून शेजारचा खून आणून बसवला. दुसऱ्यांदा वाचल्यावर मत बदललं.

खुनाची गोष्ट तो पाहिलेली म्हणून सांगत नाही. त्याने तिथलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तो जुन्या स्थानिक वर्तमानपत्राच्या बातम्यांच्या प्रती मागवतो, त्या वाचतो, आणि मग वाचकाला सरळ सांगतो की इथून पुढचं बरंचसं मी कल्पनेने रचलं आहे. त्या शेतावरच्या कुत्रीच्या मनात काय चाललं असेल हेसुद्धा तो लिहितो. हे सगळं कशासाठी? क्लीटसला जे बोलायची वेळ कधी आलीच नाही, त्याला कुणी विचारलंच नाही, ती त्याची साक्ष उभी करण्यासाठी. खरा क्लीटस आता योगायोगानेच भेटू शकतो. म्हणून जोडलं जायचं तर भूतकाळातच जोडलं जाता येईल, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे कॉरिडॉरमध्ये त्याने जो प्रश्न विचारला नाही, ‘तुझ्या घरी काय झालं रे?’, तोच प्रश्न तो उरलेलं सगळं पुस्तकभर विचारतो. खुनाची गोष्ट म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाची लांबी आहे. माझ्या बनावट भांडणात मी स्वतःला सोडवत होतो. मॅक्सवेलच्या रचलेल्या भागात तो स्वतः जवळजवळ नाहीच, सगळी जागा त्या दुसऱ्या मुलाला दिलेली आहे. कल्पना दोघांनीही केली, पण कुणासाठी केली हा फरक आहे.

या पुस्तकात एक शिल्पही येतं. जाकोमेत्तीचं ‘द पॅलेस अॅट फोर ए.एम.’, १९३२ सालचं, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. लाकडी काड्या, तारा, काच, दोरा यांचं एक नाजूक घर, ज्याला भिंती नाहीत. निवेदकाला त्यात आपलं ते बांधकाम चालू असलेलं घर दिसतं. फोटो नक्की शोधून बघा, मोबाइलवरही कळतं. भिंती नसलेल्या घरात दोन मुलं खेळत होती आणि कुठल्याही खोलीतून कुठेही जाता येत होतं. भिंती झाल्या की दारं लागतात. यावर मॅक्सवेल फार रेंगाळत नाही. मीही नाही रेंगाळत.

मला खरा धक्का बसला तो व्याकरणाचा. माझे तिन्ही खर्डे पुन्हा काढले आणि क्रियापदांखाली रेघा मारल्या. ‘संपर्क कमी होत गेला.’ ‘अंतर पडलं.’ ‘भेटणं राहून गेलं.’ ‘फोन झाला नाही.’ पानंच्या पानं अशी, की ज्यात करणारा माणूसच नाही. मराठीत ही सोय फार आहे. काचेचा पेला मी फोडत नाही, तो ‘फुटतो’. ‘राहून गेलं’ तर इतकं मऊ क्रियापद आहे की त्यात डोकं टेकवून झोप लागावी. अशा मैत्रीबद्दल लिहिताना ही वाक्यं अगदी आपोआप येतात, कारण खरंच कुणी एकट्याने काही केलेलं नसतं. पण पूर्ण लेख त्यांनीच भरला की समजावं, आपण लपतो आहोत. मॅक्सवेल सगळ्या पुस्तकात एकच गोष्ट कर्त्यासह सांगतो: मी त्याला पाहिलं आणि मी बोललो नाही. मैत्री का संपली याचं ते कारण नाही, मैत्री आधीच संपलेली होती. पण ती एक जागा अशी आहे जिथे तो काहीतरी करू शकला असता, आणि ती त्याला नेमकी माहीत आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मॅक्सवेलकडे निदान खून होता. मुलगा घाबरला, काय बोलावं सुचलं नाही, हे कुणालाही समजतं. तुमच्या-माझ्याकडे काय आहे? हिंजवडीचं ट्रॅफिक.

त्यासाठी केली रायकार्डचा ‘ओल्ड जॉय’ हा २००६ सालचा सिनेमा बघायला हवा. सव्वा तासाचा आहे. मार्क आणि कर्ट हे दोन जुने मित्र. मार्कची बायको गरोदर आहे, त्याचं घर आहे, संसार आहे. कर्ट अजून इकडे-तिकडे भटकतो आहे. कर्टच्या फोनवरून दोघं ऑरेगनच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यांकडे एका रात्रीसाठी जातात. वाट चुकतात, रस्त्याकडेला तंबू ठोकतात, शेकोटी पेटवतात. सकाळी झऱ्यावर पोचतात, पाण्यात बसतात, परत येतात. कथानक संपलं.

शेकोटीशी मात्र कर्ट एकदम बोलून जातो, की आपल्या दोघांच्या मध्ये काहीतरी आलंय आणि ते जावं असं मला वाटतं. मार्क म्हणतो, असं काही नाही, आपलं सगळं ठीक आहे. कर्ट लगेच माघार घेतो, माझंच डोकं फिरलंय म्हणतो. मी हा प्रसंग तीनदा बघितला. मार्क खोटं बोलत नाहीये. खरंच ‘काही’ नाहीये. पण ‘काही नाही’ हे उत्तर दिल्यामुळे कर्टला पुढे बोलायला जागाच उरत नाही. भांडण असतं तर त्याला हात घालता आला असता.

मॅक्सवेल आणि रायकार्ड इथे वेगळे होतात. मॅक्सवेल कर्ता शोधतो आणि स्वतःला पकडतो. रायकार्ड कुणालाच पकडत नाही. गाडीतला रेडिओ, ओली झाडं, दोघांच्यातली शांतता, हे ती इतका वेळ दाखवते की कोण चुकलं हा प्रश्नच बाजूला पडतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर सिनेमा म्हणून मला ‘ओल्ड जॉय’ जास्त जवळचा वाटला. शेवटी मार्क घरी जातो आणि कर्ट रात्री रस्त्यावर एकटा, कुठे जायचं ते न कळल्यासारखा फिरत राहतो. पण लिहिणाऱ्याला तो कमी उपयोगी पडतो असं माझं मत आहे. कॅमेरा दोघांच्या मध्ये उभा राहू शकतो. ‘मी’ म्हणून लिहिणारा मध्ये उभा नसतो. तो त्या दोघांपैकी एक असतो, आणि माझ्या बाबतीत, गाडी असलेला.

म्हणून मग मी चौथ्यांदा बसलो आणि या वेळी कारण शोधायचं नाही, फक्त माझा कॉरिडॉर शोधायचा असं ठरवलं. व्हॉट्सअॅपवरून पार्टनरसोबतचं अख्खं चॅट एक्सपोर्ट केलं. टेक्स्ट फाइल मिळते, प्रत्येक मेसेजच्या आधी तारीख. महिन्याला किती मेसेज हे मोजायला एक ओळ पुरते:

```
grep -c "^[0-9]*/06/19," chat.txt
```

महिना बदलत गेलो. २०१८ मध्ये आकडे तीन अंकी होते, मग दोन अंकी, मग एक. बघायला गेलो होतो की कुठून तुटलं. कुठूनच तुटलेलं नव्हतं. एकही महिना असा नाही की ज्याच्याकडे बोट दाखवावं. २०१९ च्या डिसेंबरात त्याचा मेसेज आहे, "रविवारी येतोस का, पेठेत नवीन मेस सापडलीय". माझं उत्तर, "या रविवारी नाही रे, नक्की भेटू". खाली त्याचा अंगठा. असे ‘नक्की भेटू’ दोन्ही बाजूंनी मिळून चौदा निघाले. तो मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागायच्या आधी गावी गेला, हे मला त्या चॅटमधून कळलंच नाही, कारण त्यात ते नाहीच.

कॉरिडॉर त्या फाइलमध्ये नव्हता. तो दुसऱ्या चॅटमध्ये होता, बॅचच्या ग्रुपवर. मे २०२१. दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. कुणीतरी ग्रुपवर टाकलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि त्या रांगेत माझंही आहे: "भावपूर्ण श्रद्धांजली". वरच्याचं कॉपी करून पेस्ट केलेलं. पुढची फुलीसुद्धा तशीच राहिलीय. त्या दिवसांत ग्रुपवर आठवड्याला असं कुणीतरी असायचं, बोट आपोआप चालायचं, हे खरं आहे. पण तेच वडील दुसऱ्या वर्षी एसटीने सात तास प्रवास करून हॉस्टेलवर आले होते, येताना स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या, आणि डबा मुलाच्या हातात न देता माझ्या हातात दिला होता. "हा एकटाच संपवतो, तुम्ही ठेवा," म्हणाले होते. मला ते अहो-जाहो करायचे. एकोणीस वर्षांच्या पोराला.

मी फोन केला नाही. हे वाक्य मी चौथ्या खर्ड्यातही आधी ‘फोन करायचं राहून गेलं’ असं लिहिलं होतं. खोडून पुन्हा लिहिलं. त्या रात्री नंबर काढला होता, नाव बघत बसलो, आणि म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल करायला हवा होता. आठवड्याने वाटलं, आता केला तर तो विचारेल इतक्या दिवसांनी कसा. मग उशीर हेच न करण्याचं कारण झालं, आणि ते रोज थोडं थोडं मोठं होत गेलं.

त्याला याचं काही वाटलं का, मला माहीत नाही. त्या रांगेत माझं नाव त्याने वाचलं का, फोनची वाट पाहिली का, की त्या आठवड्यात त्याला माझी आठवणही आली नाही. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा जास्त आहे आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त झोंबते, हे मी इथे कबूल करतो. मॅक्सवेलच्या निवेदकाचंही हेच होतं. त्याला क्षमा मिळत नाही म्हणून तो अस्वस्थ नाही. क्षमा करण्यासारखं काही त्या मुलाच्या लक्षात तरी राहिलं असेल का, हेच त्याला कळायला मार्ग नाही.

मॅक्सवेलवर माझा एकच राग आहे. तो वर्तमानपत्रांच्या प्रती मागवतो, शेतांचे बांध, गोठे, कुत्रीसकट सगळं पुन्हा उभं करतो, पण त्या वयात पोचलेल्या क्लीटसचं दार ठोठवायला जात नाही. म्हणे योगायोगानेच भेट होऊ शकते. १९८० च्या आधी अमेरिकेत एक माणूस शोधणं अवघड असेल, मान्य. माझ्याकडे नंबर आहे. डीपीवर आता एक लहान मुलगी आहे, दोन शेंड्या घातलेली, मागे ट्रॅक्टर.

हा लेख छापून आला की त्याला लिंक पाठवायची का, यावर बायकोचं आणि माझं परवा बोलणं झालं. ती म्हणाली, "लिंक काय पाठवतोस? वडिलांबद्दल लिहिलंयस ते तो लोकांच्या आधी वाचणार की नंतर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. छापायला पाठवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी होती. शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या बसमधून मी त्याला फोन लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. आज रविवार आहे. त्याचा उलट फोन आलेला नाही. कामात असेल, किंवा माझा नंबर त्याच्याकडे सेव्ह नसेल.